मेंदूतली रिंग: वणवा की जाळरेषा?

*डॉक्टर, माझे मिस्टर ३८ वर्षांचे. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. छाटणीच्या दिवसांत तीन आठवडे त्यांचं डोकं दुखत होतं. फवारणीचं औषध भिनलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मग शब्द अडायला लागले. कात्री मागायची तर "ते दे, ते कापायचं" म्हणायचे. परवा बागेतच फिट आली. नाशिकला आणून एमआरआय केला. डाव्या टेम्पोरल लोबमध्ये ३२ बाय २८ बाय २७ मिलिमीटरची रिंग आहे, भोवती सूज आहे, ४ मिलिमीटर मिडलाइन शिफ्ट आहे. खाली ॲब्सेस, ट्युबरक्युलोमा, निओप्लाझम अशी तीन नावं आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. ताप एकदाही आला नाही. डावा कान लहानपणापासून फुटतो, पण ती काही आजची गोष्ट नाही. मोठे दीर म्हणतात गाठ आहे, टाटाला न्या. ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात महिनाभर टीबीची औषधं, एकेटी, देऊन बघू. सर्जन म्हणतात कवटीला छिद्र पाडून सुईने काढावं लागेल. आमच्या गल्लीतल्या एका मुलीची अशीच रिंग नुसत्या गोळ्यांनी गेली. एवढं महागडं मशिन, मग ते सांगत का नाही? आणि सुई टाळता येणार नाही का?*
*— एक वाचक, निफाड*

ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी फोन केला आणि एवढंच सांगितलं, की आज रात्रीच्या आत त्यांना न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात दाखल करा. सदर छापून येईपर्यंत वाट बघण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. तुमचे बाकीचे प्रश्न मात्र असे आहेत, की असा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या प्रत्येक घरात तेच विचारले जातात. म्हणून ते इथं सावकाश घेतो.

आधी ही रिंग म्हणजे काय ते बघू. उन्हाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला डोंगरावर वणवा लागतो, तो रात्री लांबून पाहिला असेल. मधलं गवत जळून गेलेलं असतं, तिथं अंधार असतो. पेटलेली फक्त कड दिसते, डोंगराला माळ घातल्यासारखी. एमआरआयमधली रिंग तशीच दिसते. शिरेतून जे गॅडोलिनियमचं औषध देतात, ते निरोगी मेंदूत रक्तवाहिनीच्या बाहेर पडत नाही, कारण मेंदूतल्या वाहिन्यांची शिवण फार घट्ट असते. जिथं ही शिवण उसवलेली असते तिथं औषध झिरपतं आणि फोटोत पांढरं उमटतं. मधोमध रक्तच पोचत नसेल तर औषधही पोचत नाही, ती जागा काळी राहते. पांढरी कड आणि काळं पोट, एवढाच रिंगेचा अर्थ. आग कोणी लावली हे लांबून दिसणाऱ्या माळेवरून कळत नाही. तुमच्या रिपोर्टात ॲब्सेस म्हणजे पू, ट्युबरक्युलोमा म्हणजे टीबीची गाठ आणि निओप्लाझम म्हणजे पेशींची वाढलेली गाठ, या तिघांपुढे प्रश्नचिन्हं आहेत ती याच कारणाने. आम्ही रेडिओलॉजिस्ट लोक प्रश्नचिन्हांच्या बाबतीत जरा सढळ असतो हे मान्य, पण या वेळी ती जागेवर आहेत.

आता कडेकडे जरा नीट बघा. मेंदूची जी वेगाने वाढणारी गाठ असते, ग्लायोब्लास्टोमा, ती स्वतःच्या रक्तपुरवठ्यापेक्षा भराभर वाढते. त्यामुळे मधला भाग उपासमारीने मरतो आणि कडेला जिवंत, पसरणारी गाठ उरते. म्हणजे गाठीची रिंग हा खुद्द वणवा असतो. वणव्याची कड कधी सरळ नसते, आणि ही रिंगही इथं जाड, तिथं बारीक, मधूनच गाठाळलेली दिसते. पुवाची रिंग निराळी. जंतू मेंदूत शिरल्यावर पहिले काही दिवस नुसतीच सूज असते, रिंग नसते. मग शरीर त्या जागेभोवती कुंपण घालायला घेतं, आणि ते पक्कं व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. वनखातं आग अडवायला गवत साफ करून जाळरेषा आखतं ना, तसं हे शरीराने स्वतः आखलेलं असतं. म्हणून ते सहसा गुळगुळीत आणि एकसारखं दिसतं.

एकसारखं, पण एक बाजू सोडून. मेंदूच्या आतल्या बाजूला, जिथं पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, तिकडे रक्तपुरवठा कमी, म्हणून कुंपणही पातळ. पू फुटला तर बहुतेक वेळा तिकडेच फुटतो, पोकळीत. सकाळी चहा प्यायलेला माणूस दुपारी बेशुद्ध होतो तो असा. त्या रात्री मी घाई केली ती यामुळे. तीन आठवड्यांचं दुखणं, म्हणजे कुंपण तयार झालेलं, भोवती सूज, मधली रेघ ४ मिलिमीटर सरकलेली आणि एक फिट येऊन गेलेली. अशा वेळी महिनाभर काहीतरी देऊन बघण्याएवढा वेळ हातात नसतो.

पण कडेवर पूर्ण विसंबता येत नाही. गुळगुळीत कडेच्या गाठी मी पाहिल्या आहेत आणि खडबडीत कडेचा पूसुद्धा. म्हणून रिंगेच्या आत काय आहे हे बघावं लागतं, आणि त्याची सोय त्याच मशिनमध्ये असते. तिला डिफ्यूजन म्हणतात. दोन-तीन मिनिटांची तपासणी, कॉन्ट्रास्टही लागत नाही. तिच्यात पाण्याचे कण किती मोकळेपणी हलतात हे मोजलं जातं. फडक्यात बांधलेला चक्का आणि वाडग्यातली ताकाची निवळी डोळ्यांपुढे आणा. निवळीत रंगाचा थेंब टाकला तर क्षणात पसरतो. चक्क्यात टाकला तर तिथंच बसतो. पू हा चक्क्यासारखा असतो: जंतू, मेलेल्या पेशी आणि प्रथिनं यांनी गच्च भरलेला, आतल्या पाण्याला हलायला जागा नसलेला. गाठीचं मेलेलं पोट बहुधा निवळीसारखं असतं, पातळ.

या हालचालीचा जो नकाशा निघतो त्याला एडीसी म्हणतात. एककं सोडून द्या, आकड्यांचं आपसातलं नातं तेवढं बघा. मेंदूतल्या पोकळ्यांतल्या मोकळ्या पाण्याचा आकडा ३ च्या आसपास असतो. निरोगी मेंदूचा ०.७ ते ०.८. पिकलेल्या पुवाचा बऱ्याचदा त्याच्याही खाली, ०.५ च्या आगेमागे. गाठीच्या मेलेल्या पोटाचा बहुधा १ च्या बराच वर. इथं एक फसगत होते. डिफ्यूजनच्या फोटोत आतला भाग पांढरा चमकला की लोक पू समजतात, पण नुसतं साचलेलं पाणीसुद्धा त्या फोटोत चमकू शकतं. तीच जागा एडीसीच्या नकाशात काळी दिसली तरच पाणी अडकलेलं आहे असं म्हणता येतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवूनच बघायचे.

तुमच्या पत्रात याचा उल्लेख नव्हता. कसा असणार? घरचे लोक रिपोर्टाची शेवटची ओळ वाचतात आणि कामाची गोष्ट मधल्या परिच्छेदात असते. फोनवर तुमच्याकडून तो परिच्छेद वाचून घेतला, तर त्यात निघालं, की कड पातळ आणि गुळगुळीत आहे, मधल्या भागात रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन आहे, म्हणजे पाणी अडकलेलं आहे, एडीसी ०.५८. कडेतल्या रक्ताचं प्रमाणही मोजलेलं होतं आणि ते वाढलेलं नव्हतं. वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या कडेला नव्या वाहिन्यांचं जाळं असतं, तिथं ते वाढलेलं सापडतं. आणि या सगळ्याच्या शेजारी, त्याच डाव्या बाजूला, पंचवीस-तीस वर्षं फुटणारा कान.

ताई, "ती काही आजची गोष्ट नाही" असं तुम्ही लिहिलंत. मी तर तिथंच थांबलो. कानाच्या पोकळीचं छत हे हाडाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या वर लगेच टेम्पोरल लोब. कान वर्षानुवर्षं वाहत असेल, त्यातून घाण वास येत असेल, तर आत बहुधा कोलेस्टिॲटोमा असतो. म्हणजे कातडीचा असा साठा, जो हळूहळू हाड खात जातो. छत झिजलं की जंतू सरळ वर जातात, कधी मागे लहान मेंदूत. आपल्याकडे फुटक्या कानात लसणाचं कोमट तेल घालतात, कापूस कोंबतात आणि गाडी पुढे नेतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा डाव्या बाजूला असते. म्हणून छाटणीच्या ऐन गर्दीत त्यांना कात्रीचं नाव सापडेना. फवारणीचा इथं काही संबंध नाही.

आणि ताप? तो नाही म्हणून पू नाही, असं धरू नका. मेंदूतल्या पुवाच्या जवळपास निम्म्याच रुग्णांना ताप असतो. कुंपण पक्कं झालं की आतली खबर बाहेर फारशी येत नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा नेहमीएवढ्याच सापडू शकतात. "ताप नाही, म्हणजे कॅन्सर" हा तुमच्या दिरांचा तर्क मी अनेक घरांत ऐकलाय. त्या तर्कापायी दिवस वाया जातात.

मग एवढं सगळं जुळत असताना सुई कशाला? याचं उत्तर माझ्याच चुकीत आहे. खूप वर्षांपूर्वी मालेगावकडचे साठीतले एक निवृत्त शिक्षक आले होते. उजव्या बाजूला रिंग, गुळगुळीत कड, आत डिफ्यूजन अडलेलं, एडीसी काळा. मी रिपोर्टात एकच नाव लिहिलं, ॲब्सेस, प्रश्नचिन्हाशिवाय. तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता. सर्जनने सुई घातली तर पू नाहीच, डिंकासारखा चिकट पदार्थ आला. तपासणीत निघालं, की फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत उतरलाय. काही कॅन्सर आत श्लेष्मा तयार करतात, काहींत रक्त साचतं, आणि तोही चक्क्यासारखाच घट्ट असतो. छातीचा एक्स-रे मी मागितलाच नव्हता. उलटही घडतं. आठ-दहा दिवस कुठलं तरी अँटिबायोटिक देऊन झालेलं असलं, की पू पातळ होतो, एडीसी वर चढतो आणि तो गाठीसारखा दिसायला लागतो. फोटो कौल देतो. कधी फार भक्कम कौल देतो, तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत तसाच आहे. पण कुठला जंतू आणि कुठल्या औषधाला मरतो, हे फोटोत लिहिलेलं नसतं.

आता गल्लीतल्या मुलीची गोष्ट. ती खरी असणार, कारण तशा रिंगा आपल्याकडे फार दिसतात. पण तिचा रिपोर्ट काढून आकडा बघा, बहुधा ८-१० मिलिमीटरची निघेल. वीस मिलिमीटरपेक्षा लहान एकच रिंग, मधली रेघ जागेवर, फिट सोडून बाकी माणूस ठणठणीत, असं चित्र असेल तर ते बहुतेक वेळा फीतकृमीच्या अळीचं असतं. तिला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. कधी रिंगेत एका बाजूला ठिपका दिसतो, ते अळीचं डोकं. अळी मरताना सूज येते, रिंग उमटते, आणि काही महिन्यांत अनेकदा ती आपसूक विरते. (शाकाहारी घरात हे निदान सांगितलं की लोक माझ्यावर चिडतात. पण मेंदूत जातात ती अंडी, आणि ती माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या भाजीवरून, कोशिंबिरीतून, अस्वच्छ हातांवरून पोटात जातात. डुकराचं मांस खाण्याची गरज नाही.) तुमची रिंग ३२ मिलिमीटरची आहे, रेघ सरकलेली आहे आणि वाचा अडखळतेय. दोन्ही रिंगाच, पण तिच्या गोळ्यांवरून तुमचा हिशेब मांडता येणार नाही.

याच लहान रिंगांचा एक इतिहास आहे आणि तो "एकेटी देऊन बघू" म्हणणाऱ्यांनी आठवावा असा आहे. सीटी स्कॅन भारतात नवा होता तेव्हा अशी रिंग दिसली की टीबीची गाठ समजून वर्ष-वर्ष एकेटी दिली जायची. रिंग नाहीशी व्हायची आणि सगळे म्हणायचे, बघा, टीबीच होता. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या न्यूरोसर्जननी त्यातल्या काही रिंगा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, तर बहुतेकींत अळी. रिंग औषधाने गेलीच नव्हती, ती तशीही जाणारच होती. त्या कामातूनच वीस मिलिमीटरची ती मोजपट्टी आली. औषध दिलं आणि बरं वाटलं, एवढ्यावरून निदान सिद्ध होत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

टीबीची गाठ तुमच्या मिस्टरांना अशक्य आहे, असं मी म्हणत नाही. ती मोठी असू शकते, रेघ सरकवू शकते, आणि आतून पातळ झाली तर डिफ्यूजनमध्ये पुवासारखीही दिसते. बहुतेकदा मात्र तिची कड जाड असते, दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि छातीत किंवा मानेच्या गाठींत टीबीचा माग सापडतो. म्हणून छातीचा फोटो हवाच. साखर आणि एचआयव्हीची तपासणीही हवी. एचआयव्ही असेल तर यादीच बदलते, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि लिंफोमा हा कॅन्सर वर येतात. ही तपासणी मागितली म्हणून कोणी अपमान मानू नये.

मेंदूच्या टीबीत एकेटीबरोबर स्टेरॉइडही देतात, आणि तो महिना मला धोक्याचा वाटतो तो यामुळे. स्टेरॉइडने सूज उतरते, डोकं दुखायचं थांबतं, शब्द परत येतात. घरात पेढे वाटले जातात आणि आत पू तसाच असतो. रिंगही फिकी पडते, कारण उसवलेली शिवण स्टेरॉइड तात्पुरती घट्ट करतं. लिंफोमा असेल तर तो इतका विरघळतो, की नंतर सुई घालूनही हाती काही लागत नाही. सुजेने जीव धोक्यात असेल तर पुवातही स्टेरॉइड द्यावंच लागतं, पण थोडे दिवस आणि अँटिबायोटिकच्या सोबतीने. याच बोलण्यात कोणी पाठीतलं पाणी काढून तपासू म्हणालं, तर आधी न्यूरोसर्जनला विचारा. रेघ सरकलेली असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली ओढला जाऊन अडकू शकतो, आणि कुंपणात बंद असलेला जंतू त्या पाण्यात सहसा सापडतही नाही.

आता सुई. भीती वाटते ती छिद्र या शब्दाची. छिद्र रुपयाच्या नाण्याहूनही लहान असतं. स्कॅनवरून जागा आणि खोली आधी मोजलेली असते, आणि बोलण्याचा भाग टाळून वाट आखतात. तुमची रिंग बाहेरून बाहेर मोजली तर तीन मापांचा गुणाकार निम्मा करून साधारण १२ मिलिलिटर भरते, आतला पू त्याहून थोडा कमी. तो ओढून घेतला की दोन कामं होतात: मेंदूवरचा दाब त्याच तासात उतरतो आणि तपासायला माल मिळतो. अडीच सेंटिमीटरच्या वरचा पू नुसत्या औषधांवर सोडत नाहीत, कारण आतपर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. धोका आहे, सुईच्या वाटेत रक्तस्राव होऊ शकतो. आणि पू पुन्हा साचला तर पुन्हा ओढावा लागतो, ते सर्जनचं अपयश समजू नका.

सगळं बरोबर होऊन शेवटी घोटाळा होतो तो बाटलीत. निघालेला सगळा माल कोणीतरी सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकतं. फॉर्मेलिन जंतूंना मारून टाकतं, मग कल्चरला काय उगवणार? कानातून आलेल्या पुवात हवेत मरणारे जंतू बरेचदा असतात. तो उघड्या बाटलीत तासभर टेबलावर राहिला तरी ते गेले. त्यामुळे ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जनना सरळ विचारा, की पू हवा काढलेल्या बंद सिरिंजमध्ये लगेच लॅबला जाईल ना, आणि कडेचा तुकडा मिळाला तर तेवढाच फॉर्मेलिनमध्ये जाईल ना. ग्रॅम स्टेन, हवेत आणि हवेविना वाढणाऱ्या अशा दोन्ही जंतूंचं कल्चर, टीबीसाठी सीबीनॅट, बुरशीची तपासणी आणि तुकड्याची बायोप्सी, एवढं एकाच सुईतून होतं. तुमच्या घरातल्या तिन्ही मतांचा निकाल त्यातच लागेल, दिरांच्यासुद्धा.

अँटिबायोटिक सुईच्या आधी की नंतर, यावर तुम्हाला दोन डॉक्टरांची दोन मतं ऐकू येतील. माणूस शुद्धीवर, स्थिर असेल आणि सुई एका दिवसाच्या आत होणार असेल, तर थांबलेलं बरं, कल्चर नीट येतं. झोपाळू व्हायला लागला, उलट्या होऊ लागल्या, तर रक्ताचं कल्चर घेऊन औषध ताबडतोब सुरू करायचं. मग कल्चरची चिंता नंतर. पुढे शिरेतून औषध सहा ते आठ आठवडे चालतं. बहुधा सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल, कानामुळे त्यात बदलही होतो. मेट्रोनिडॅझोलवर असताना दारूचा थेंबही नको. आपला तालुका द्राक्षाचा आहे म्हणून मुद्दाम सांगतो, वाइन ही दारूच. पायांना मुंग्या यायला लागल्या तर डॉक्टरांना सांगा, ते औषध लांबलं की नसांना त्रास देतं. फिटची गोळी घरच्यांच्या मनाने बंद करायची नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रॅक्टर, विहीर आणि शिडी नको.

कानाचं ऑपरेशन लांबणीवर टाकू नका. त्याच मुक्कामात कानाच्या हाडाचा सीटी आणि ईएनटी सर्जनची भेट झाली पाहिजे, नाहीतर वरचा पू काढला आणि खालचा नळ तसाच चालू, असं होतं. घरी आल्यावर अचानक जोरात डोकं दुखलं, मान ताठली, गुंगी आली किंवा पाच मिनिटांत न थांबणारी फिट आली, तर १०८ ला फोन करा. ओळखीच्या डॉक्टरांची वाट बघू नका.

साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन होईल. त्यातही रिंग दिसेल, आधीच सांगून ठेवतो. औषध व्यवस्थित लागू पडलं तरी पांढरी कड महिनोन्महिने राहू शकते, आणि कुंपण मोडायला वेळ लागतोच. त्या दिवशी रिपोर्टाची शेवटची ओळ सोडा, मधला परिच्छेद उघडा आणि दोनच गोष्टी विचारा: रिंगेचं माप कमी झालंय का, आणि एडीसीवर आतला भाग अजून काळा आहे का.